बर्फापासून वाफेपर्यंत: उष्णतेच्या हिशोबाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी दहावीला विज्ञान शिकवते. 'उष्णता' हा धडा सुरू झाला की वर्गातले प्रश्न एकाच आलेखाभोवती फिरायला लागतात: बर्फ तापवत नेला, त्याचं पाणी झालं, पाण्याची वाफ झाली. पुढे अकरावीला गेलेली मुलं, धुळे-नंदुरबारकडचे शिक्षक आणि एप्रिल-मे आला की शेजारपाजारचे लोकही त्याच आलेखात बसणारे प्रश्न पाठवतात. ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

पानभर वापरलेले आकडे असे. एक ग्रॅमचं तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला बर्फाला ०.५ कॅलरी लागते, पाण्याला १ आणि वाफेला ०.४८. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी आणि एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ व्हायला ५४० कॅलरी. ज्यांना ज्यूलमध्ये हवं त्यांनी ४.१८ ने गुणावं.

१. मॅडम, उष्णता दिली तरी तापमान वाढत नाही, मग ती उष्णता जाते कुठे?

ती जागच्या जागी काम करत असते. बर्फात पाण्याचे रेणू एकमेकांना धरून ठराविक जागी बसलेले असतात. शून्य अंशाला पोचेपर्यंत दिलेली उष्णता त्यांची थरथर वाढवते, आणि ती थरथर म्हणजेच आपण थर्मामीटरवर वाचतो ते तापमान. शून्यावर आल्यावर मात्र पुढची उष्णता पकड सोडवण्यात खर्च होते. थरथर वाढत नाही म्हणून थर्मामीटर हलत नाही. ती थर्मामीटरला दिसत नाही, म्हणून तिला 'अप्रकट' म्हणतात.

ती नष्ट झालेली नाही याचा पुरावा साधा आहे. तेच पाणी पुन्हा गोठवलं की ग्रॅममागे ८० कॅलरी जशाच्या तशा बाहेर पडतात, आणि बर्फाच्या कारखान्यात त्या उपसून बाहेर टाकण्यासाठीच यंत्र चालवावं लागतं. जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्लासगोमध्ये हे प्रथम मोजलं. त्यांचं उत्तर आजच्या मापात साधारण ७८ कॅलरी भरतं. हाताशी असलेली साधनं पाहता हा आकडा मला फार मोठा वाटतो, आणि प्रश्न ६ मधला प्रयोग मुलांकडून करून घेताना मी तो मुद्दाम सांगते.

२. पुस्तकात आलेखाचे पाचही तुकडे जवळपास सारखे दिसतात. खरंच तसे असतात का?

नाही. पुस्तकातली आकृती पानात बसावी म्हणून तशी काढलेली असते. आलेखवहीवर मापाने काढा, मग खरा आकार कळतो.

१०० ग्रॅम बर्फ उणे १० अंशांवर आहे आणि त्याला दर सेकंदाला १०० कॅलरी मिळतात असं धरू. म्हणजे साधारण ४२० वॅटचा हीटर, आणि उष्णता कुठेही वाया जात नाही. बर्फ शून्यावर यायला १०० × ०.५ × १० = ५०० कॅलरी, म्हणजे ५ सेकंद. वितळायला १०० × ८० = ८,००० कॅलरी, म्हणजे ८० सेकंद. पाणी शून्यापासून १०० अंशांवर जायला १०,००० कॅलरी, म्हणजे १०० सेकंद. सगळ्या पाण्याची वाफ व्हायला ५४,००० कॅलरी, म्हणजे ५४० सेकंद, पूर्ण ९ मिनिटं. वाफ ११० अंशांवर जायला ४८० कॅलरी, जेमतेम ५ सेकंद.

बेरीज ७२,९८० कॅलरी, वेळ सव्वाबारा मिनिटांच्या आसपास. त्यातली जवळजवळ तीन चतुर्थांश उष्णता एका आडव्या रेषेत गेली! दोन्ही आडव्या रेषा मिळून ८५ टक्के. म्हणजे या सबंध प्रवासात तापमान वाढताना दिसतं तो काळ दोन मिनिटांचाही नाही.

चढणीही सारख्या नसतात. बर्फाची चढण पाण्याच्या दुप्पट उभी असते, कारण त्याला अंशामागे निम्मीच उष्णता लागते. शेवटचा वाफेचा तुकडा शाळेत दाखवता येत नाही. उघड्या भांड्यातली वाफ तापायला थांबत नाही, निघून जाते. तो कागदावरच काढायचा.

३. या प्रवासात आकारमान कसं बदलतं? तापवलं की पदार्थ प्रसरण पावतो हे इथे लागू पडतं का?

काही भागात पडतं, काही भागात उलटं होतं. वरचेच १०० ग्रॅम घेऊ. शून्य अंशाचा बर्फ १०९ घनसेंमी जागा घेतो. वितळून शून्य अंशाचं पाणी झालं की ते १०० घनसेंमीच्या किंचित वर भरतं. म्हणजे उष्णता देऊन पदार्थ आक्रसला. पुढे ४ अंशांपर्यंत पाणी आणखी थोडं आक्रसतं. हा फरक इतका बारीक की मोजपात्रावर दिसणार नाही, पण त्याचा परिणाम फार मोठा असतो (प्रश्न ५). चार अंशांनंतर मात्र पाणी रीतसर प्रसरण पावत १०० अंशांवर साधारण १०४ घनसेंमी होतं.

आणि मग वाफ. तेच १०० ग्रॅम १०० अंशांची वाफ होऊन सुमारे १६७ लिटर जागा व्यापतात. पेलाभर पाण्याची वाफ धान्याच्या मोठ्या कोठीतही मावणार नाही. यातली गंमत अशी की हा सोळाशे पटींहून मोठा फुगवटा तापमान अजिबात न वाढता होतो. 'तापमान वाढलं म्हणून प्रसरण' हा नियम त्याला लावता येत नाही. इथे अवस्था बदलली आहे.

४. वितळायला ८० आणि उकळायला ५४०. एवढा फरक का?

वितळताना रेणूंची काहीच पकड सुटते. पाण्यात ते अजून एकमेकांना लगटून असतात, फक्त जागा बदलू शकतात. वाफ होताना प्रत्येक रेणू बाकीच्यांपासून पूर्ण तुटतो, म्हणून खर्च जास्त.

त्यात आणखी एक लहान खर्च मिसळलेला आहे. १ ग्रॅम पाण्याची वाफ १.६७ लिटर होते तेव्हा तिला भोवतालची हवा तेवढी मागे रेटावी लागते. त्याचा हिशोब केला तर साधारण ४० कॅलरी येतात. म्हणजे ५४० पैकी ५०० रेणू सोडवायला आणि ४० हवा ढकलायला. बर्फ वितळताना हा खर्च नसल्यासारखाच, कारण तिथे आकारमान जेमतेम बदलतं.

५. आम्ही बर्फ तापवून वाचनं घेतली, पण आडवी रेषा शून्यावर आलीच नाही. बर्फ वर तरंगत असताना थर्मामीटर ४ दाखवत होता. थर्मामीटर खराब आहे का?

बहुतेक नाही. अमळनेर, चोपडा, शहादा, सगळीकडून हा प्रश्न येतो आणि आकडाही तोच येतो: ३ ते ४ अंश. हा पाण्याच्या असंगत आचरणाचा परिणाम आहे.

तुम्ही चंचुपात्राला खालून ज्योत दिली. बर्फाचे तुकडे वर तरंगतात, तळाशी वितळलेलं पाणी साचतं आणि थर्मामीटरचा फुगा त्या पाण्यात असतो. एरवी तळाचं पाणी तापलं की हलकं होऊन वर जातं आणि वरचं थंड पाणी खाली येतं. पण शून्य ते ४ अंशांमध्ये तापलेलं पाणी हलकं होत नाही, जड होतं. त्यामुळे ते तळाशीच बसून राहतं आणि वरच्या बर्फाला भेटायला जात नाही. भांड्यात दोन थर होतात: वर शून्य अंशाचा बर्फ आणि पाणी, खाली ४ अंशांचं पाणी. तुमचा थर्मामीटर खालच्या थराचं खरं तापमान सांगत होता. होपच्या उपकरणात खालचा थर्मामीटर ४ अंशांवर येऊन थांबतो तेही याच कारणाने. तुम्ही तो प्रयोग नकळत करून बसलात.

उपाय असा. बर्फ बारीक कुटून घ्या म्हणजे तो तळापर्यंत भरलेला राहील. फुगा बर्फाच्या चुऱ्यात ठेवा. ज्योत बारीक ठेवा आणि वाचन घेण्यापूर्वी प्रत्येक वेळी चांगलं ढवळा. ढवळलं की दोन्ही थर मिसळतात आणि पारा शून्याजवळ येतो. ज्योत मोठी असेल तर तळाचं वाचन ६-७ अंशांवरही जातं, आणि ते मात्र असंगत आचरणाचं नाही, घाईचं लक्षण. शेवटी चार-दोन खडे उरले की रेषा वर वाकणारच; तो भाग सोडून द्या.

६. बर्फाचा अप्रकट उष्मा वर्गात कसा मोजायचा? आकड्यांसह सांगाल का?

तांब्याचा कॅलरीमापी, ढवळणी, अर्धा अंश वाचता येईल असा थर्मामीटर, तराजू आणि टिपकागद एवढं पुरतं. मार्चमधल्या एका दुपारची वाचनं घेऊन करू. खोलीचं तापमान ३२ अंश होतं.

डबा आणि ढवळणी मिळून १०० ग्रॅम. तांब्याला अंशामागे ग्रॅमला ०.०९ कॅलरी लागते, म्हणजे डबा आणि ढवळणी मिळून ९ ग्रॅम पाण्याइतकी उष्णता घेतात किंवा देतात. डब्यात ४० अंशांचं १५० ग्रॅम पाणी घेतलं. हिशोबाला एकूण १५९ ग्रॅम पाणी धरायचं.

आता बर्फाचे लहान तुकडे एकेक करून टिपकागदात दाबून कोरडे करायचे आणि पाणी न उडवता आत सोडायचे, सतत ढवळत. तापमान २४ वर आलं, सगळा बर्फ विरघळला, की थांबायचं. मग डबा पुन्हा तोलायचा. वजन २४.६ ग्रॅमने वाढलं होतं. तोच आपला बर्फ. आधी तोलला तर हातातून डब्यात जाईपर्यंत त्यातला काही वितळून गळतो, म्हणून बर्फ नंतरच तोलायचा.

पाण्याने आणि डब्याने दिलेली उष्णता: १५९ × (४० − २४) = २,५४४ कॅलरी. बर्फाने ती दोन कामांसाठी घेतली: आधी वितळायला, मग वितळलेलं पाणी शून्यापासून २४ वर न्यायला. दुसरं काम मुलं हमखास विसरतात. २,५४४ ला २४.६ ने भागलं तर ग्रॅममागे १०३.४ कॅलरी, त्यातले २४ पाणी तापण्याचे वजा केले, उरले ७९.४. पुस्तकातल्या ८० च्या अगदी जवळ.

सुरुवात ४० आणि शेवट २४ का? खोली ३२ वर आहे. अर्ध्या वेळी डबा खोलीपेक्षा गरम असतो आणि उष्णता गमावतो, अर्ध्या वेळी थंड असतो आणि तेवढीच परत घेतो. दोन्ही चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खाऊन टाकतात. पावसाळ्यात मात्र २४ पर्यंत उतरू नका. जुलैत हवेत दमटपणा असतो आणि डब्याला बाहेरून दव सुटतं. पाव ग्रॅम दव साचलं तरी डब्याला जवळपास १४५ कॅलरी फुकट मिळतात, शिवाय ते बर्फाच्या वजनातही धरलं जातं. तेव्हा २७-२८ वर थांबा आणि सुरुवातीचं तापमानही त्या हिशोबाने घ्या.

७. आमचं उत्तर दर वेळी ६८-७० येतं. गणित बरोबर आहे, मग चूक कुठे?

ओल्या बर्फात. मलाही हे कळायला एक पूर्ण वर्ष लागलं. त्या वर्षी आम्ही चौकातून बर्फाच्या लादीचा तुकडा गोणपाटात गुंडाळून आणला. बाहेर ४२ अंश. शाळेत पोचेपर्यंत गोणपाट भिजलेलं. आम्ही तुकडे फोडून तसेच टाकले आणि सहाही गटांचं उत्तर ६७ ते ६९ मध्ये आलं. सगळे गट एकाच बाजूला चुकतात तेव्हा हात नाही चुकलेला, साहित्य चुकलेलं असतं. त्या दिवशी मी मुलांना उगाच पुन्हा पुन्हा तोलायला लावलं याचं मला अजून वाईट वाटतं.

बर्फाला चिकटलेलं पाणी आधीच वितळलेलं आहे. ते ८० कॅलरी घेत नाही, पण तराजूत बर्फ म्हणून मोजलं जातं. समजा २४.५ ग्रॅममध्ये २.५ ग्रॅम पाणी आहे. खरा बर्फ २२ ग्रॅम; तो २२ × ८० = १,७६० कॅलरी घेऊन वितळतो. आपण मात्र त्या १,७६० ला २४.५ ने भागतो आणि ७१.८ मिळतात. म्हणजे नियमच सापडला: बर्फात जितके टक्के पाणी, उत्तर तितकेच टक्के कमी. आमचं ६८ आलं होतं, याचा अर्थ त्यात १५ टक्के पाणी होतं.

हे उलट वापरता येतं. तुमचं बाकी सगळं नीट असेल तर आलेल्या उत्तरावरून बर्फ किती ओला होता ते सांगता येईल. लादीचा बर्फ वापरायचा असेल तर वरचा थर फोडून टाका, आतला घ्या, आणि टिपकागद दर दोन-तीन तुकड्यांनी बदला. भिजलेला टिपकागद काही टिपत नाही. लाकडाचा भुसा चिकटलेला असेल तर तोही बर्फाच्या वजनात जातो, हे ध्यानात ठेवा.

थर्मामीटरची चूकही लहान नसते. शेवटचं वाचन अर्ध्या अंशाने चुकलं तर उत्तर पावणेचार कॅलरींनी सरकतं. पण ती चूक कधी वर नेते, कधी खाली. नेहमी खालीच नेणारी चूक ओल्या बर्फाची.

८. आमचं तर उलट ८७ आलं!

बर्फ डीप फ्रीझरमधून थेट काढून टाकला असेल. उणे १५ अंशांचा बर्फ आधी शून्यावर यायला ग्रॅममागे ०.५ × १५ = ७.५ कॅलरी घेतो, मग वितळायला ८०. तुम्ही दोन्ही मिळून 'वितळण्याच्या' खात्यात टाकल्या. असा बर्फ लगेच ओळखता येतो: ओल्या बोटाला चिकटतो, वर पांढुरकी बुरशी धरल्यासारखी दिसते. थाळीत ठेवून पृष्ठभाग ओलसर होऊ द्या, मग टिपून वापरा.

९. पाणी तोलण्याऐवजी मोजपात्राने १५० मिली घेतलं तर चालेल ना?

थंड पाण्याला चालेल, गरम पाण्याला चूक येईल. पाणी ४० अंशांवर थोडं प्रसरण पावलेलं असतं. १ मिली पाणी तिथे ०.९९२ ग्रॅम भरतं. त्यामुळे १५० मिली म्हणजे १४८.८ ग्रॅम. सव्वा ग्रॅमचा हा फरक प्रश्न ६ च्या उत्तरात पाऊण कॅलरीचा फरक आणतो. ओल्या बर्फापुढे हे किरकोळ आहे, पण उरलेल्या चुका काढून टाकल्यावर हीच उठून दिसते.

डबाही गरम पाण्याने फुगतोच. पण तो वजनाने धरलेला आहे, आणि प्रसरणाने वजन बदलत नाही. उष्णतेच्या हिशोबात वस्तुमान घ्यायचं, आकारमान नाही, याचं कारण हेच.

१०. आमच्याकडे पाणी ९८.५ ला उकळतं. पुस्तकात १०० आहे.

यात दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत. पहिली, १०० अंश हा समुद्रसपाटीच्या दाबाचा आकडा. साधारण ३०० मीटर उंचीला उत्कलनांक एक अंशाने उतरतो. जळगाव परिसर २०० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे पाऊण अंश गेला. तोरणमाळला, जवळजवळ ११५० मीटरवर, पाणी ९६ च्या सुमारास उकळतं. तिथे सहलीला गेलो होतो तेव्हा मुलांनी मोजून पाहिलं.

दुसरी गोष्ट थर्मामीटरची. तो स्वतःच प्रसरणावर चालतो. त्यावरच्या खुणा सगळा पारा एकाच तापमानाला आहे असं धरून केलेल्या असतात. पण तुमच्या प्रयोगात फुगा उकळत्या पाण्यात आणि नळीतला बहुतेक पारा बाहेर, ४०-५० अंशांच्या हवेत. तो बाहेरचा पारा पुरेसा प्रसरण पावलेला नसतो. नळीचे ८० अंश बाहेर असतील आणि बाहेरचा पारा सरासरी ४० अंशांवर असेल, तर वाचन पाऊण अंशाने कमी येतं. दोन्ही मिळून दीड अंश. तुमचं ९८.५ बरोबर आहे. ते खोडून १०० लिहू नका.

११. वरण उकळायला लागल्यावर गॅस मोठा ठेवला तर लवकर शिजतं का?

नाही. उकळी फुटल्यावर पाणी आडव्या रेषेवर असतं. मोठ्या ज्योतीने तापमान वाढत नाही, फक्त जास्त वाफ होते आणि पाणी आटतं. उकळी टिकेल एवढी ज्योत पुरे. कुकरमध्ये लवकर शिजतं कारण तिथे वाफ कोंडून दाब वाढतो आणि आडवी रेषाच १२० अंशांच्या आसपास वर सरकते.

१२. उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका जास्त का? दोघंही १०० अंशांवरच ना?

तापमान सारखं, साठा वेगळा. १ ग्रॅम उकळतं पाणी त्वचेच्या ३७ अंशांपर्यंत उतरताना ६३ कॅलरी देतं. १ ग्रॅम वाफ आधी पाणी होताना ५४० देते आणि मग तेच ६३, एकूण ६०३. जवळपास साडेनऊ पट.

कॅलरीमापीत हे सुरक्षितपणे दिसतं. प्रश्न ६ मधल्याच डब्यात ३० अंशांचं पाणी घेऊन १० ग्रॅम उकळतं पाणी ओतलं तर मिश्रण ३४ अंशांवर जातं. १० ग्रॅम वाफ सोडली तर ६६ अंशांवर. वाफ सोडताना नळीतच वाफेचं पाणी होऊन साचलेले थेंब आत गेले, तर मात्र उत्तर ओल्या बर्फासारखंच कमी येतं, आणि कारणही तेच: अवस्था आधीच बदललेली.

१३. उन्हाळ्यात कूलरच्या टाकीत बर्फ टाकला तर जास्त थंड हवा येते का? आमच्याकडे रोज लादी आणतात.

मे महिन्यात हा प्रश्न दर आठवड्याला येतो. भुसावळ-जळगावकडे ४५ अंश असताना माणूस काहीही करून पाहील, हे मला समजतं. पण हिशोब बघा.

कूलर बर्फाने थंड करत नाही, पाणी उडवून थंड करतो. गवताच्या जाळीवरून पाणी उडतं तेव्हा ते ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी हवेतून ओढून घेतं. (५४० हा आकडा १०० अंशांचा; ३० अंशांच्या आसपास तो थोडा जास्त असतो, कारण थंड पाण्यातल्या रेणूंना सुटायला आणखी उष्णता लागते.) दुपारभरात १० लिटर पाणी उडालं तर १०,००० × ५८० म्हणजे ५८ लाख कॅलरी. तेवढी उष्णता बर्फाने शोषायची तर ७२ किलो बर्फ लागेल.

तुम्ही आणलेला २ किलो बर्फ वितळून २५ अंशांपर्यंत तापेतो २,१०,००० कॅलरी घेतो. ते ३६० ग्रॅम पाणी उडण्याइतकं झालं. एक तांब्याही नाही. पहिली पंधरा-वीस मिनिटं गार वाटेल, पण थंड पाणी सावकाश उडतं, म्हणून कूलरचं खरं काम तेवढा वेळ मंदावतं. बर्फाच्या पैशांत जाळी बदला, टाकी भरलेली ठेवा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा म्हणजे दमट हवा बाहेर जाईल.

याला मर्यादा आहे. खानदेशातला मे कोरडा असतो म्हणून कूलर आणि माठ दोन्ही साथ देतात. जूनअखेर पाऊस सुरू झाला की हवा आधीच ओली असते, पाणी उडत नाही आणि त्या ५८० कॅलरी मिळत नाहीत. माठातलं पाणी जुलैत कोमट लागतं, त्यात माठाचा दोष नाही.

१४. गणित सोडवलं तर अंतिम तापमान उणे २७ आलं. काय चुकलं?

सूत्र नाही चुकलं, गृहीतक चुकलं. गणित बहुधा असं असेल: ४० अंशांचं १५९ ग्रॅम पाणी (डब्यासह) आणि त्यात शून्य अंशाचा २०० ग्रॅम बर्फ. तुम्ही सगळा बर्फ वितळला असं धरून समीकरण मांडलं. ते पाणी शून्यापर्यंत उतरताना १५९ × ४० = ६,३६० कॅलरीच देऊ शकतं. सगळा बर्फ वितळायला १६,००० हव्यात. पैसेच पुरत नाहीत.

मग किती वितळेल? ६,३६० भागिले ८०, म्हणजे ७९.५ ग्रॅम. उरलेला १२०.५ ग्रॅम बर्फ तसाच राहील आणि सगळं मिश्रण शून्य अंशावर थांबेल. अशा गणितात तापमानाचं समीकरण मांडण्याआधी एवढं तपासा: पाण्याकडे शून्यापर्यंत देण्यासारखी उष्णता किती, आणि बर्फाला वितळायला किती हवी. पहिली रक्कम कमी असेल तर उत्तर शून्य, आणि प्रश्न उरतो तो फक्त बर्फ किती वितळला याचा.

१५. पाण्यात टाकलेला बर्फ वाढू शकतो का? सरांनी परीक्षेत विचारलं होतं, आम्हाला चूक प्रश्न वाटला.

प्रश्न अगदी बरोबर आहे. उणे १० अंशांचा १०० ग्रॅम बर्फ शून्य अंशाच्या पाण्यात ठेवा आणि बाहेरून उष्णता येऊ देऊ नका. बर्फाला शून्यावर यायला ५०० कॅलरी हव्यात. त्या देणार फक्त पाणी. पण पाणी आधीच शून्यावर आहे, आणखी थंड होऊन ते काही देऊ शकत नाही. ते एकाच मार्गाने देऊ शकतं: स्वतः गोठून. १ ग्रॅम गोठला की ८० कॅलरी सुटतात, म्हणून ५०० कॅलरींसाठी ६.२५ ग्रॅम पाणी गोठतं. शेवटी बर्फ १०६.२५ ग्रॅम, तापमान शून्य, आणि ते ६.२५ ग्रॅम पाणी बर्फ होताना सुमारे ६.८ घनसेंमी झाल्यामुळे बर्फ आणि पाणी मिळून एकूण आकारमानही थोडं वाढलेलं.

घरी पाहायचं असेल तर बर्फ घातलेलं पाणी तासभर फ्रीजमध्ये ठेवून शून्याजवळ आणा. मग डीप फ्रीझरमधला मोठा खडा दोऱ्याला बांधून त्यात दोन मिनिटं सोडा आणि काढून तोला. खडा तोलताना वरचं ओघळतं पाणी टिपून घ्या, नाहीतर प्रश्न ७ मधलीच चूक इथे तुमच्या बाजूने लागेल आणि वजन उगाच जास्त दिसेल.